नागपूरचा चेक, नऊ दिवस आणि 118 रुपये

*मॅडम, वडिलांच्या घराच्या व्यवहारातला माझा वाटा म्हणून नागपूरच्या भावाने मला 86,500 रुपयांचा चेक दिला. शुक्रवारी, 21 नोव्हेंबर 2025 ला संध्याकाळी साडेचारच्या सुमारास मी तो माझ्या बचत खात्यात भरायला गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पेटीत टाका." टाकला. स्लिपवर शिक्का नाही. पैसे जमा झाले 3 डिसेंबरला आणि त्याच दिवशी 118 रुपये कापले गेले. विचारलं तर म्हणाले, "बाहेरगावचा चेक आहे, वेळ लागतोच आणि चार्जही लागतो." हल्ली चेक एका दिवसात वटतो असं सगळे सांगतात. मग खरं काय? आणि एवढ्याशा रकमेसाठी बँकेशी वाद घालावा का?*
*– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक*

ताई, बँकेत पुन्हा जाण्याआधी भावाला फोन करा आणि एकच गोष्ट विचारा. त्याच्या खात्यातून 86,500 रुपये कोणत्या तारखेला गेले? शक्य असेल तर त्या ओळीचा मोबाइलवरून फोटो मागवा. तुमच्या पासबुकात गोष्टीचं फक्त एक टोक आहे, दुसरं टोक नागपूरला आहे. ती तारीख हातात नसताना काउंटरवर उभं राहिलात, तर "वेळ लागतोच" हेच उत्तर पुन्हा ऐकून परत याल.

त्या एका तारखेवरून इतकं कसं कळतं, ते सांगते. मी बँकेत नोकरीला लागले तेव्हा नागपूरचा चेक खरोखरच नागपूरला जायचा. आम्ही तो रजिस्टरमध्ये चढवायचो, पाकिटात घालायचो, पोस्टाने पाठवायचो. तिकडच्या शाखेत तो पास झाला की पैसे इकडे यायचे. दोन-तीन आठवडे सहज जायचे, आणि त्या टपालाचा, कामाचा खर्च म्हणून ग्राहकाकडून शुल्क घेतलं जायचं. तुम्हाला मिळालेलं उत्तर त्या काळातलं आहे.

आता कागद प्रवास करत नाही. तुमचा चेक तुमच्याच बँकेत स्कॅन होतो आणि त्याचं चित्र व खालच्या पट्टीवरचे आकडे क्लिअरिंगमधून, म्हणजे बँकांमधल्या चेकच्या देवाणघेवाणीतून, भावाच्या बँकेला जातात. या पद्धतीला चेक ट्रंकेशन सिस्टीम, थोडक्यात सीटीएस म्हणतात. ती 2008 मध्ये दिल्लीत सुरू झाली, पुढे चेन्नई आणि मुंबईत आली, आणि 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातल्या सगळ्या बँक शाखांना तिच्यात यायला सांगितलं. सीटीएसच्या एका ग्रिडमधल्या, म्हणजे एकाच क्लिअरिंग केंद्राला जोडलेल्या, दोन शाखा वेगवेगळ्या शहरांत असल्या, तरी त्यांच्यातला चेक स्थानिक मानला जातो. त्यावर बाहेरगावच्या चेकचं वसुली शुल्क लागत नाही. नाशिक आणि नागपूर ही शहरं तर मुंबई, दिल्ली, चेन्नई असे वेगळे ग्रिड होते तेव्हापासून एकाच बाजूला आहेत. म्हणजे भावाचा चेक नागपूरचा असला, तरी तुमच्या खात्याच्या दृष्टीने तो पंचवटीतल्या एखाद्या शाखेच्या चेकसारखाच आहे.

वेळेचंही तसंच. 4 ऑक्टोबर 2025 पासून दिवसातून एकदा गठ्ठा पाठवण्याची जुनी रीत संपली. चेक स्कॅन होतील तसे दिवसभर पुढे जातात. समोरच्या बँकेला तो पास की परत हे त्याच दिवशी संध्याकाळी 7 पर्यंत कळवावं लागतं. कळवलं नाही तर चेक पास झाला असं धरलं जातं. दोन्ही बँकांमधला हिशेब मिटल्यावर तुमच्या बँकेने एका तासात पैसे तुम्हाला वापरायला मोकळे करायचे असतात.

पण ही सगळी घाई चेक स्कॅन झाल्यापासून सुरू होते. पेटीत पडल्यापासून नाही. शाखेची पेटी ठरावीक वेळी उघडतात आणि ती वेळ पेटीवर लिहिलेली असते. तुम्ही शुक्रवारी साडेचारला चेक टाकलात, तेव्हा त्या दिवसाची वेळ बहुधा उलटून गेली होती. 22 तारखेला चौथा शनिवार, बँक बंद. मग रविवार. त्यामुळे चेक सोमवारी, 24 नोव्हेंबरला क्लिअरिंगला जाणं हे बँकेच्या बाजूने न्याय्य आहे, आणि हे तीन दिवस तुम्ही मोजू नका. सोमवारी रात्रीपर्यंत, फार तर मंगळवारी सकाळी पैसे दिसायला हवे होते. ते दिसले 3 डिसेंबरला, बुधवारी. सोमवारपासून मोजले तर उशीर नऊ दिवसांचा.

हे नऊ दिवस कुठे गेले, याचं उत्तर भावाची तारीख देते.

समजा त्याच्या खात्यातून पैसे 24 नोव्हेंबरलाच गेले. मग चेक वेळेवर वटला, पैसे त्याच दिवशी तुमच्या बँकेकडे आले आणि तिथेच पडून राहिले. असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे स्लिपवरचा खाते क्रमांक चुकणं किंवा नीट न वाचता येणं. नाव आणि क्रमांक जुळेना की रक्कम सस्पेन्स खात्यात, म्हणजे कुणाची ते न ठरलेल्या पैशांच्या तात्पुरत्या खात्यात टाकतात आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती तिथे राहते. म्हणून घरात ठेवलेली स्लिपची फाडलेली बाजू काढा आणि क्रमांकाचा एकेक आकडा पासबुकाशी ताडून बघा. क्रमांक तुमच्याकडूनच चुकला असेल तर उशिराबद्दल बँकेला फार धरता येणार नाही. बरोबर असेल तर मात्र उशीर पूर्णपणे तिचा.

समजा तारीख 1, 2 किंवा 3 डिसेंबर निघाली. मग चेक क्लिअरिंगमध्ये उशिरा गेला, किंवा क्लिअरिंगमध्ये गेलाच नाही. जुन्या रीतीने कुरिअरने नागपूरला वसुलीसाठी पाठवला गेला. तुमच्या बाबतीत मला दुसरी शक्यता जास्त वाटते, आणि त्याला कारण आहे ते 118 रुपये.

कापलेल्या रकमेवरून तिचं मूळ बऱ्याचदा ओळखता येतं. 118 म्हणजे 100 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. बचत खात्यात भरलेल्या बाहेरगावच्या चेकसाठी रिझर्व्ह बँकेने शुल्काच्या कमाल मर्यादा घालून दिल्या होत्या: 5,000 रुपयांपर्यंतच्या चेकला 25 रुपये, 10,000 पर्यंत 50 रुपये, आणि 10,000 च्या वर 1 लाखापर्यंत 100 रुपये. तुमचा चेक 86,500 चा, म्हणजे नेमका 100 च्या पायरीवर बसतो. चेक 8,000 चा असता तर बहुधा 59 रुपये कापले गेले असते.

तरी पासबुकातली ती ओळ एकदा नीट वाचा. 100 रुपये अधिक कर हा आकडा दुसऱ्या एखाद्या सेवेचाही असू शकतो. ओळीत `OBC` किंवा `COLL` अशी अक्षरं असतील तर ते वसुलीचंच शुल्क. बाहेर वसुलीला पाठवलेल्या बिलांना आणि चेकना बँकेच्या भाषेत ओबीसी म्हणतात. जमा झालेल्या 86,500 च्या ओळीत `CLG` असेल तर चेक क्लिअरिंगने आला. आणि एका बाजूला `CLG` लिहून दुसऱ्या बाजूला वसुली शुल्क लावलं असेल, तर बँकेच्या स्वतःच्या दोन नोंदीच एकमेकींशी जुळत नाहीत. मग तुम्हाला वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही.

आता बँकेची बाजू. एका प्रसंगात तिचं म्हणणं खरं ठरू शकतं. भावाचं चेकबुक फार जुनं असेल तर. सीटीएसमध्ये चालणारे चेक ठरलेल्या नमुन्याचे असतात. उजेडासमोर धरले की कागदात "सीटीएस-इंडिया" असं इंग्रजी अक्षरांतलं जलचिन्ह दिसतं, आणि डाव्या कडेला उभ्या बारीक ओळीत छापणाऱ्याचं नाव आणि `CTS-2010` असतं. हा नमुना नसलेल्या चेकसाठीची वेगळी क्लिअरिंग 31 डिसेंबर 2018 नंतर बंद झाली. असा चेक क्लिअरिंगमध्ये जाऊच शकत नाही, तो वसुलीलाच पाठवावा लागतो, आणि मग 100 रुपयांचं शुल्क वाजवी ठरतं. तुमचा चेक तर आता हातात नाही, पण भावाकडे त्याच चेकबुकातलं पुढचं पान असेल. त्याला ते खिडकीपाशी धरून बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यावर सगळा वाद अवलंबून आहे.

चेक जुन्या नमुन्याचा निघाला तरी बँकेला हवा तेवढा वेळ घेता येत नाही. वसुलीच्या चेकसाठी राज्यांच्या राजधान्यांना 7, मोठ्या शहरांना 10 आणि बाकी ठिकाणांना 14 दिवस ही मर्यादा राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या निर्णयानंतर 2008 पासून आहे. नागपूर मोठ्या शहरांत धरलं तर 10 दिवस. बँक 24 तारखेपासून मोजेल आणि 3 डिसेंबर त्यात बसेल. त्यामुळे तो चेक खरंच जुना निघाला, तर इथे थांबा. शुल्कही बरोबर आणि वेळही बरोबर. मी तुम्हाला उगाच भांडायला सांगणार नाही.

पण चेक सीटीएसचा असेल, आणि गेल्या काही वर्षांत दिलेलं चेकबुक असेल तर तो असणारच, तर मग चूक शाखेतली आहे. मी स्वतः हे काम केलं आहे, म्हणून ती कशी होते हे मला माहीत आहे. गठ्ठा वेगळा करणारा माणूस चेकवर शाखेचं नाव "नागपूर" वाचतो आणि जुन्या सवयीने तो बाहेरगावच्या खणात टाकतो. किंवा खालच्या पट्टीवर शाई, घडी, स्टेपलचं भोक असतं, मशीन आकडे वाचत नाही, आणि हाताने दुरुस्त करून पुढे पाठवण्याऐवजी चेक बाजूला राहतो. तुमची बँक छोटी सहकारी असेल तर ती दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत क्लिअरिंगमध्ये भाग घेत असेल. तिथे मधल्या हस्तांतरात एखादा दिवस जाऊ शकतो. नऊ जात नाहीत.

माझ्या घरातही हे घडलं आहे. निवृत्तीनंतर एकदा पुण्याहून आलेला चेक मी अशाच पेटीत टाकला होता. आठवडा उलटला तरी पैसे नाहीत. जाऊन विचारलं तर तो टेबलाच्या खणात, दुसऱ्या कुणाच्या कर्जाच्या अर्जाला टाचलेला सापडला. माझ्याकडेही शिक्क्याची स्लिप नव्हती, त्यामुळे कोणत्या दिवशी टाकला हे मला दाखवता येईना. इतकी वर्षं बँकेत काढूनही तो दिवस मला फार लागला.

म्हणूनच तुमच्या शिक्का नसलेल्या स्लिपबद्दल थोडं सविस्तर. पहिली गोष्ट, त्या मुलाने तुम्हाला पेटीकडे पाठवायला नको होतं. पेटी ही सोय आहे. ग्राहकाने काउंटरवर चेक दिला आणि पोच मागितली, तर कोणत्याही शाखेला नकार देता येत नाही. पुढच्या वेळी "मला शिक्का हवा आहे" एवढंच म्हणा आणि हलू नका. दुसरी गोष्ट, या वेळी शिक्का नसला तरी पुरावा अजून आहे. क्लिअरिंगला चेक पाठवताना बँक त्यावर तारखेसह आपला शिक्का मारते, आणि स्कॅन केलेल्या चित्रात तो येतो. भावाने त्याच्या बँकेत लेखी मागणी केली, तर वटलेल्या चेकची प्रत मिळू शकते. त्या शिक्क्याची तारीख 24 नोव्हेंबर आहे की 2 डिसेंबर, हे डोळ्यांनी दिसेल.

आणखी एक खूण. सीटीएसने वटलेला मूळ कागद चेक भरणाऱ्याच्या बँकेकडेच राहतो आणि तिला तो 10 वर्षं जपावा लागतो. म्हणजे तुमचा चेक क्लिअरिंगने गेला असेल तर तो कागद आज नाशिकच्या बाजूला, तुमच्या बँकेच्या ताब्यात आहे. वसुलीला पाठवला असेल तर नागपूरला. म्हणून व्यवस्थापकांना शांतपणे विचारा, "मूळ चेक सध्या कुठे आहे?" "नागपूरला पाठवला होता" असं उत्तर आलं, तर उशीर आणि शुल्क दोन्हींचं कारण त्यांनीच सांगितलं.

आता अर्ज. तोंडी बोलू नका. एका पानावर लिहा, दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. मी असा लिहिला असता:

"दि. 21 नोव्हेंबर 2025 रोजी भरलेला (चेक क्रमांक, बँक, शाखा) रु. 86,500 चा चेक माझ्या खात्यात 3 डिसेंबर रोजी जमा झाला व त्याच दिवशी रु. 118 वळते झाले. चेक काढणाऱ्याच्या खात्यातून रक्कम दि. ____ रोजी गेली आहे. हा चेक क्लिअरिंगने पाठवला की वसुलीसाठी, कोणत्या तारखेला पाठवला आणि हिशेब कोणत्या तारखेला मिटला, हे लेखी कळवावे. चेक सीटीएस नमुन्याचा असल्याने शुल्क करासह परत करावे व उशिराच्या काळाचे व्याज आपल्या चेक वसुली धोरणानुसार जमा करावे."

यात तुम्ही कुणावर आरोप करत नाही, फक्त तारखा मागता. तारखा त्यांच्या संगणकात आहेत आणि त्या बदलत नाहीत. "चेक वसुली धोरण" हा शब्द मुद्दाम ठेवा. बँकेचं असं लेखी धोरण असतं, ते वेबसाइटवर सापडतं किंवा शाखेत मागता येतं, आणि उशिराची भरपाई किती ते त्यात असतं. स्थानिक चेकच्या उशिरासाठी धोरणात वेगळा दर दिलेला नसेल, तर बचत खात्याच्या दराने व्याज द्यावं लागतं.

ते किती होईल तेही बघू, म्हणजे अपेक्षा जास्त राहायला नको. बचतीचा दर 2.5 टक्के धरला तर 86,500 वर नऊ दिवसांचे सुमारे 53 रुपये. बँकेने जमेची तारीख मंगळवार, 25 नोव्हेंबर धरली तर आठ दिवसांचे साधारण 47. हा एका दिवसाचा फरक सोडून द्या. 118 आणि 50 मिळून सुमारे 170 रुपये. त्यांनी व्याज वेगळं न देता पासबुकातल्या जमा नोंदीची परिणाम तारीख, म्हणजे व्हॅल्यू डेट, मागे 24 किंवा 25 नोव्हेंबरला नेली तरी चालेल. बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात, त्यामुळे तिमाहीच्या व्याजात तेवढी रक्कम आपोआप येते. फक्त त्यानंतर ते व्याज वेगळं मागू नका.

वाद घालावा का, असं तुम्ही विचारलंत. घालाच, असं मी मनापासून म्हणते. शाखेत नागपूरचा चेक बाहेरगावच्या खणात टाकत असतील, तर तो फक्त तुमचाच टाकला असं होणार नाही. निफाड, दिंडोरीच्या शेतकऱ्यांकडे द्राक्ष आणि कांद्याच्या हंगामात परगावच्या व्यापाऱ्यांचे चेक येतात. त्या प्रत्येकाचे पैसे नऊ दिवस अडकले तर औषधाचं किंवा मजुरीचं देणं थांबतं. तुमच्या अर्जाला लेखी उत्तर देताना व्यवस्थापकांना तो खण उघडून बघावाच लागेल.

मूळ शाखेकडून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 या क्रमांकावर फोन करता येतो. त्याचे पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. पोच असलेल्या अर्जाची प्रत, पासबुकाचं ते पान आणि भावाच्या नोंदीचा फोटो एवढं जोडा. पोचेची तारीख महत्त्वाची, कारण 30 दिवस तिथपासून मोजतात.

पण अर्ज देण्याआधी भावाचा फोन आणि खिडकीपाशी धरलेलं ते पान, ही दोन कामं आधी करा. त्याच्या खात्यातून पैसे 24 तारखेलाच गेले असतील, तर अर्जातली पाठवण्याच्या तारखेची ओळ काढून त्या जागी लिहा: "रक्कम 24 नोव्हेंबर रोजी आपल्या बँकेस मिळाली असताना ती 3 डिसेंबरपर्यंत कोणत्या खात्यात होती?"